मेन बॅटरी फुल्ल, तरी १२ व्होल्टचा इशारा का येतो?

वास्को : दाबोळी विमानतळावर इलेक्ट्रिक कार आठवडाभर उभी ठेवली. परत येऊन बघता, मेन बॅटरी जवळपास फुल्ल, पण स्क्रीनवर १२ व्होल्ट बॅटरीचा इशारा! हे शक्य आहे, कारण मेन बॅटरी गाडीला जोडणारा रिलेच या छोट्या बॅटरीवर चालतो. ती पूर्ण बसली तर गाडी सुरू होत नाहीच, चार्जर लावूनही बहुधा उपयोग होत नाही.

छोटी बॅटरी मुख्यतः गाडी ‘रेडी’ असताना किंवा चार्जिंगवर असताना, डीसी-डीसी कन्व्हर्टरमधून भरते. उभ्या गाडीत डॅशकॅम चालू राहिला किंवा ॲप सारखे उघडले, की ती उतरते.

लेड-ॲसिड बॅटरी असेल तर गाडी काही तास बंद ठेवून मल्टिमीटर लावा. १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली. समजा १२.१ दिसले, म्हणजे साधारण अर्धी. आता गाडी ‘रेडी’ करा. आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास चढला तर कन्व्हर्टर ठीक आहे. नीट भरूनही दोन दिवसांत परत उतरली, तर बॅटरी म्हातारी झाली किंवा कुठेतरी करंट खाल्ला जातोय. आकडा हललाच नाही, तर नवी बॅटरीही बसेल. आधी कन्व्हर्टर आणि फ्यूज तपासून घ्या. चार्जिंग युनिटमधल्या अशाच दोषाच्या शक्यतेमुळे ह्युंदाईने २०२४ मध्ये भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या होत्या.

नारिंगी केबलला मात्र हात लावू नका. ती मेन बॅटरीची.