जोडलेले हात आले कुठून?

मागच्या व्याख्यानात आपण वेदी आणि तिची दिशा पाहिली. आज प्रार्थना करणाऱ्याच्या हातांकडे बघू. ख्रिस्ती माणूस प्रार्थनेला बसला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गुडघे टेकून हात जोडलेली आकृती येते. पण पहिल्या काही शतकांत हे चित्र असं नव्हतं.

रोममध्ये प्रिस्किलाची भुयारी दफनभूमी आहे. तिथल्या तिसऱ्या शतकातल्या भित्तिचित्रात एक स्त्री उभी आहे, दोन्ही हात वर, बाजूंना पसरलेले, तळवे उघडे. कार्थेजचा तर्तुलियन इ.स. २०० च्या सुमारास लिहितो, की ख्रिस्ती लोक हात नुसते वर करत नाहीत, तर पसरतात. त्यात क्रूसावरच्या ख्रिस्ताची आठवण असते. मात्र हात फार उंच नेऊ नयेत, बेतानेच उचलावेत, असंही तो बजावतो.

मग गुडघे टेकणं? तेही होतं, पण पश्चात्तापाची खूण म्हणून. रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस, त्यामुळे त्या दिवशी उभं राहायचं. इ.स. ३२५ च्या निकिया परिषदेने तर विसाव्या नियमात रविवारी आणि पुनरुत्थानानंतरच्या पन्नास दिवसांत प्रार्थना उभ्यानेच करावी असं ठरवलं. नियम करावा लागला, याचाच अर्थ काही जण गुडघे टेकत होते!

आता पश्चिम युरोपातल्या सरंजामी दरबारात येऊ. तिथे सरदार आपल्या धन्यापुढे शस्त्र न घेता गुडघे टेकायचा आणि जोडलेले हात धन्याच्या हातांत द्यायचा. धनी ते आपल्या दोन्ही हातांत धरायचा. अर्थ सरळ होता: मी तुमचा माणूस, तुम्ही माझे रक्षणकर्ते. बाराव्या-तेराव्या शतकांत प्रार्थनेतही जोडलेले हात रूढ झाले. ते दरबारातूनच आले, असं अनेक इतिहासकार मानतात. थेट पुरावा नाही, पण दुवा मात्र शिल्लक आहे: कॅथलिक दीक्षाविधीत नवा धर्मगुरू आजही आपले जोडलेले हात बिशपच्या हातांत देऊन आज्ञापालनाचं वचन देतो.

जुनी मुद्राही गेलेली नाही. गोव्यातल्या कुठल्याही चर्चमध्ये मिस्सा बघा. वेदीपाशी पाद्री हात पसरून प्रार्थना म्हणतो. समोर कुणी हात जोडून असतं. दोन काळ एकाच छपराखाली.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. आपला नमस्कार याहून कितीतरी जुना. सांचीच्या शिल्पांत स्तूपापुढे, बोधिवृक्षापुढे हात जोडलेले भक्त आहेत, आणि ती शिल्पं ख्रिस्ती धर्माच्या आरंभाच्या आसपासची. शिवाय आपण नमस्कार देवाला करतो तसा पाहुण्यालाही करतो. त्यात आदर असतो, ताबेदारीचा करार नसतो. हात सारखे दिसले म्हणून अर्थ सारखा होत नाही. म्हणून चित्रात मुद्रा दिसली की आपण आधी विचारायचं: हे हात कुणापुढे जोडले आहेत, आणि त्या काळी असे हात आणखी कुठे जोडत असत?