कारणे दाखवा नोटीस (पुरवठा-करार संपुष्टात आणण्यापूर्वीची)

पुरवठादाराने कराराच्या अटींत कसूर केल्याचे दिसून आले असता, त्याचा करार रद्द करणे, अनामत जप्त करणे किंवा त्यास काळ्या यादीत टाकणे यांपैकी कोणताही निर्णय घेण्याअगोदर खरेदी करणाऱ्या कचेरीने त्याच्यावर बजावलेली, त्याच्या कसुरीचे तपशील व त्याबद्दल योजिलेली कारवाई नमूद करून ‘ती का करण्यात येऊ नये’ याचा लेखी खुलासा ठराविक मुदतीत मागणारी नोटीस. तिच्यानंतर, खुलाशाचा विचार होऊन जो हुकूम निघतो तो करारसमाप्तीचा आदेश. हे दोन कागद एकाच मिसलीत पाठोपाठ लावलेले असतात, पुष्कळदा एकाच कारकुनाने एकाच मसुद्यावरून तयार केलेले असतात, आणि त्यामुळेच त्यांची सरमिसळ होऊन कचेरीची बाजू न्यायालयात लंगडी पडते.

दोन खाजगी व्यापाऱ्यांमधील करारात अशी नोटीस देण्याचे बंधन करारातील कलमापुरतेच असते. कलम नसेल तर भारतीय करार अधिनियम, १८७२ यातील तत्त्वांवर भागते. शासन, जिल्हा परिषद, महानगरपालिका, शासकीय महामंडळ यांसारख्या संस्थांची गोष्ट निराळी. त्यांनी एखाद्यास काळ्या यादीत टाकले की शासनाशी व्यवहार करण्याची त्याची संधीच हिरावली जाते, सबब त्यास आपली बाजू मांडू दिल्याखेरीज तसे करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारविरुद्धच्या इरुशियन इक्विपमेंट प्रकरणी १९७५ मध्ये ठरविले. केंद्राच्या सामान्य वित्तीय नियमावलीतील (२०१७) नियम १५१ हाही त्याच धर्तीवर आहे : खरेदी करणाऱ्या खात्यास कसूरदार बोलीदारावर जास्तीत जास्त दोन वर्षे व्यवहारबंदी घालता येते, परंतु म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिल्यानंतरच.

ही संधी केव्हा खरी आणि केव्हा नावापुरती, याचा निवाडा नोटिशीच्या मजकुरावरून होतो. गोरखा सिक्युरिटी सर्व्हिसेस या प्रकरणी (२०१४) न्यायालयाने नोटिशीकडून दोन गोष्टींची अपेक्षा केली : कसुरीची वस्तुस्थिती तीत असावी, आणि कोणती कारवाई योजिली आहे हेही तीत असावे किंवा निदान तिच्या वाचनावरून निःसंदिग्धपणे कळावे. ‘आपल्यावर नियमानुसार योग्य ती कारवाई का करण्यात येऊ नये’ हे आपल्या कचेऱ्यांचे आवडते वाक्य दुसऱ्या कसोटीला उतरत नाही. कारण करार गेल्याने एका व्यवहाराचे नुकसान होते, तर काळ्या यादीत नाव गेल्याने पुढील कित्येक निविदांचे दार बंद होते, आणि ज्यास पहिल्याचीच कल्पना आहे तो दुसऱ्याविरुद्ध तोंड उघडणारच नाही. भारतीय अन्न महामंडळाच्या एका प्रकरणात (२०२०) नेमके हेच घडले. पहारेकऱ्यांच्या भरतीची परीक्षा घेण्याचे काम ज्या संस्थेकडे होते तिला प्रश्नपत्रिका फुटल्याबद्दल नोटीस गेली. पुढे करार तर रद्द झालाच, पण नोटिशीत जिची वाच्यता नव्हती अशी पाच वर्षांची काळी यादीही आदेशात आली, आणि तो भाग सर्वोच्च न्यायालयाने टिकू दिला नाही.

याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे नोटिशीतच निकाल देऊन टाकणे. ‘आपण निकृष्ट माल पुरवून शासनाची फसवणूक केली असल्याचे सिद्ध झाले आहे, तरी खुलासा करावा’ असे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याने खुलासा वाचण्यापूर्वीच मन बनविले आहे हे उघड होते. सागरी उत्पादन निर्यात विकास प्राधिकरणाने ओरिक्स फिशरीज या निर्यातदारास दिलेली नोटीस अशाच ठाम भाषेची होती, आणि त्या पायावर उभी राहिलेली नोंदणी रद्द करण्याची कारवाई २०१० मध्ये न्यायालयात कोसळली. नोटिशीची भाषा ‘दिसून येते’, ‘अहवालात नमूद आहे’, ‘योजिले आहे’ अशी असावी ती केवळ शिष्टाचारासाठी नव्हे.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका जिल्हा रुग्णालयाने प्रत्येकी २४० रुपये दराने ४,००० चादरींचा पुरवठा-आदेश दिला; जुलै ते ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखेस हजार-हजारांचे हप्ते यावयाचे; एकूण किंमत ९,६०,००० रुपये व तिच्या पाच टक्के, म्हणजे ४८,००० रुपये, अनामत बँक हमीच्या रूपाने. पहिला हप्ता वेळेवर आला. दुसरा १९ दिवस उशिरा, २० ऑगस्टला आला व त्यातील १४० चादरी ठरलेल्या वजनाहून हलक्या निघाल्या. तिसरा आलाच नाही.

येथे पहिली अडचण भांडारातच निर्माण झालेली असते. भांडारपालाने दुसरा हप्ता साठा-नोंदवहीत मुकाट्याने जमा करून घेतला. ‘विलंबाबद्दलचा हक्क राखून’ अशी ओळ पावतीवर लिहिली नाही की तसे पत्र धाडले नाही. मुदतीस महत्त्व असलेल्या करारात उशिराचे पालन एकदा स्वीकारले की, स्वीकारतेवेळीच तशी सूचना दिलेली नसल्यास, त्या विलंबाची भरपाई मागता येत नाही, असे करार अधिनियमाचे कलम ५५ सांगते. तेव्हा ते १९ दिवस नोटिशीत पूर्ववृत्त म्हणून सांगता येतील, वसुलीची बाब म्हणून नाही. उलटपक्षी, मागील विलंब खपवून घेतल्यामुळे मुदतीचा आग्रह आपण सोडून दिला असा युक्तिवाद पुरवठादारास आयताच मिळतो. नाशिक जिल्ह्यात आळंदी नदीवरील जलसेतूच्या कामाचा ठेका शासनाने १९५६ मध्ये रद्द केला तेव्हा, करारात मुदतवाढीची व विलंबदंडाची कलमे असल्याकारणाने मुदत हा कराराचा प्राण नव्हता, आणि नवी वाजवी मुदत ठरवून न देता ठेका मोडणे गैर होते, असा निर्णय हिंद कन्स्ट्रक्शन प्रकरणी १९७९ मध्ये लागला. म्हणून शहाणा अधिकारी नोटिशीतच तिसऱ्या हप्त्यासाठी शेवटची तारीख घालून देतो आणि ती चुकल्यास उर्वरित करार रद्द होऊ शकेल हे स्वच्छ लिहितो.

उदाहरणातील नोटीस १० सप्टेंबरची. तीत पुरवठा-आदेशाचा क्रमांक, हप्तेवार तारखा, तपासणी अहवालाची नक्कल व लागू असलेली कलमे आहेत. उरलेल्या २,००० चादरींचा करार रद्द करणे, अनामत जप्त करणे, पुरवठादाराच्या जोखमीवर व खर्चाने अन्यत्र खरेदी करणे आणि दोन वर्षांची व्यवहारबंदी घालणे, अशी चारही योजिलेली पावले स्वतंत्रपणे नमूद आहेत. आणि नोटीस पोचल्यापासून पंधरा दिवसांत खुलासा करावा, तसेच तिसरा हप्ताही आणावा, असे फर्माविले आहे. मुदत पोचल्याच्या तारखेपासून मोजावयाची असल्याने पोचपावती हा मिसलीतील मोठा महत्त्वाचा कागद होय. ती गहाळ झाल्यामुळे चांगली प्रकरणे बुडालेली आहेत.

पुरवठादाराचा खुलासा तीन मुद्द्यांचा आला. हलक्या चादरींची तपासणी आपल्या गैरहजेरीत झाली. गोदामात जागा नसल्याने तिसरा हप्ता थांबवा असे भांडारपालाने दूरध्वनीवरून सांगितले. आणि पहिल्या हप्त्याचे २,४०,००० रुपयांचे बिल अद्याप थकले आहे. असा खुलासा ‘समाधानकारक नाही’ या दोन शब्दांत निकालात काढण्याचा मोह सार्वत्रिक आहे. परंतु येथे अधिकाऱ्याने दप्तर काढून पाहिले : करारानुसार तपासणी उभयतांसमक्ष व्हावयास हवी होती, ती झाली नव्हती, सबब तो आरोप सोडून दिला, साठा-नोंदवहीप्रमाणे १ सप्टेंबरला गोदामात पुरेशी जागा होती, बिल ऑगस्टमध्येच अदा झाल्याची कोषागाराची नोंद सापडली. बिल खरोखरच थकलेले असते तर मात्र चित्र पालटले असते, कारण स्वतः वचन न पाळणाऱ्या पक्षास दुसऱ्याच्या कसुरीवर बोट ठेवणे जड जाते.

दरम्यान ऑक्टोबर उजाडला, आणि चौथा हप्ताही आला नाही. अंतिम आदेश १४ ऑक्टोबरला लिहावयास बसलेल्या अधिकाऱ्यास ही नवी कसूर जोडून घ्यावीशी वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण १० सप्टेंबरच्या नोटिशीत ती असणे शक्यच नव्हते, आणि तिच्याबद्दल पुरवठादारास विचारलेले नाही. नोटीस आणि आदेश यांतील खरा भेद या ठिकाणी कळतो. नोटीस विचारते, आदेश ठरवितो. आणि आदेशास नोटिशीने आखलेल्या हद्दीबाहेर, आरोपांच्या बाबतीत वा शिक्षेच्या बाबतीत, पाऊल टाकता येत नाही. त्या हद्दीच्या आत कमी करण्याची मुभा मात्र पूर्ण आहे : एखादा आरोप सोडावा, व्यवहारबंदी अजिबात घालू नये, केवळ ताकीद देऊन थांबावे. चौथा हप्ता आधारास घ्यावयाचाच असेल तर पुरवणी नोटीस काढून पुन्हा खुलासा मागविणे हाच मार्ग. या प्रकरणी त्याची गरज नव्हती. तिसरा हप्ता वाढीव मुदतीतही न आल्याचे एकच कारण करार रद्द करण्यास पुरेसे होते.

अंतिम आदेश सकारण असावा लागतो, म्हणजे आरोप, त्यावरील खुलासा आणि तो का मान्य वा अमान्य केला याची कारणे त्याच कागदावर यावी लागतात. मुंबईच्या पोलीस कमिशनरांनी अंधेरी येथे चित्रपटगृह बांधण्याची गोरधनदास भानजी यांस दिलेली परवानगी रद्द केली, त्या प्रकरणी १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे सांगितले की, सार्वजनिक अधिकाऱ्याचा हुकूम त्यातील शब्दांवरूनच वाचला जाईल. आपल्या मनात काय होते याचे मागाहून दिलेले स्पष्टीकरण त्याच्या मदतीस येणार नाही. त्याच खटल्यात दुसराही धडा आहे. रद्द करण्याचा निर्णय कमिशनरांचा नसून सरकारचा होता, कमिशनरांनी तो फक्त कळविला, आणि सरकारला तो अधिकार नव्हता. नोटिशीवर दुय्यम अधिकाऱ्याची सही चालून जाते, पण आदेश करारातील सक्षम अधिकाऱ्याने स्वतः विचार करून दिलेला असावा लागतो; ‘वरिष्ठांच्या निर्देशानुसार’ ही शब्दयोजना त्यात आली की वकिलास निम्मे काम झाल्यासारखे वाटते.

आदेशात याखेरीज अंमलाची तारीख, स्वीकारलेल्या मालाचा हिशेब, आणि पैशाची वसुली कशी होणार हे असते. उदाहरणात उरलेल्या २,००० चादरी त्याच वर्णनाच्या २६५ रुपये दराने अन्यत्र घेतल्या गेल्या तर २५ रुपयांप्रमाणे ५०,००० रुपयांचा फरक पडतो; अनामतीचे ४८,००० त्यात वळते केल्यावर वसूल करावयाचे २,००० उरतात. अनामत जप्त करून शिवाय पूर्ण ५०,००० मागणे म्हणजे एकाच हानीची दोनदा भरपाई घेणे होय, आणि कलम ७४ खाली ती मिळण्याची आशा धरू नये. नवी खरेदी जर वेगळ्या वजनाच्या चादरींची असेल किंवा रेंगाळत वर्षभराने झाली, तर दरातील फरक जुन्या पुरवठादाराच्या माथी मारता येत नाही.

राहता राहिली बँक हमी. तिची मुदत नोटीस, खुलासा व सुनावणी यांत जाणाऱ्या काळाची वाट पाहत नाही. त्यामुळे नोटीस जावक-नोंदवहीत चढविण्याच्या दिवशीच हमीची शेवटची तारीख पाहून, ती जवळ आली असल्यास मुदत वाढवून देण्याची मागणी बँकेकडे व पुरवठादाराकडे वेगळ्या पत्राने करावी लागते. वाढ न मिळाल्यास कराराच्या अटीप्रमाणे हमीची रक्कम मुदतीत वटवून, अंतिम आदेश होईपर्यंत ती स्वतंत्र खाती अनामत म्हणूनच जमा ठेवावयाची, जप्त म्हणून नव्हे.