वर्तुळातला 'ई' आणि त्याच्या शेजारचा आकडा

पनवेलला जुन्या मुंबई-पुणे रस्त्यालगत पंक्चरच्या एका दुकानात आम्ही मोटारसायकलचा टायर निरखत होतो. बाजूच्या रबरावर छोट्या वर्तुळात रोमन लिपीतले मोठे 'ई' हे अक्षर आणि त्याला चिकटून ४ हा आकडा उठवलेला होता. सोबतच्या विद्यार्थ्यांनी यादी पाहून सांगितले, "४ म्हणजे नेदरलँड्स, टायर तिकडचा." पण वीतभर अंतरावर 'मेड इन इंडिया' असेही उठवलेले होते! मग खरे कोणते?

दोन्ही खरेच. वर्तुळातला आकडा माल कोठे बनला हे सांगत नाही, मंजुरी कोणी दिली हे सांगतो. पूर्वी जर्मनीत तपासलेला दिवा फ्रान्समध्ये विकायचा तर तो तेथे पुन्हा तपासावा लागे. हा खटाटोप टाळण्यासाठी २० मार्च १९५८ रोजी जिनिव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या युरोपविषयक आर्थिक आयोगाच्या पुढाकाराने एक करार झाला. त्यातील एखादा नियम लागू करणाऱ्या एका देशाने त्यानुसार दिलेली मंजुरी, तो नियम लागू करणाऱ्या इतर देशांनीही मानायची. म्हणूनच भारतातला कारखानदार नेदरलँड्सकडे अर्ज करतो आणि त्याचा टायर युरोपभर विकू शकतो. वर्तुळाशेजारी '७५ आर' असे होते. ७५ हा दुचाकीच्या टायरचा नियम. पुढच्या आकड्यांपैकी पहिले दोन त्या नियमाची कितवी सुधारणा लागू होती ते सांगतात, उरलेला मंजुरीचा क्रमांक.

देशांचे आकडे वर्णक्रमाने नाहीत. करारात सामील होण्याच्या क्रमाने ते दिले गेले. १ जर्मनी, २ फ्रान्स, ३ इटली, ११ ब्रिटन. जपान पुष्कळ उशिरा आला म्हणून ४३. त्यामुळे या यादीत युरोपचा इतिहासही गोठून राहिला आहे. ८ हा चेकोस्लोव्हाकियाचा आकडा होता. १९९३ साली देशाची फाळणी झाल्यावर तो चेक प्रजासत्ताकाकडे राहिला आणि स्लोव्हाकियाला २७ मिळाला. १५ पूर्व जर्मनीचा होता. १९९० साली दोन्ही जर्मनी एक झाले, १ पुरेसा ठरला, आणि १५ ची जागा तेव्हापासून रिकामीच आहे.

मोटारीच्या पुढच्या दिव्यावर याच चिन्हाजवळ कधीकधी एक बाणही आढळतो. दिव्यासमोर उभे राहिल्यावर तो आपल्या उजवीकडे रोखलेला असेल, तर दिवा आपल्यासारख्या डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी आहे. बाणाला दोन टोके असतील तर दोन्हींसाठी. बाण नसेल तर फक्त उजवीकडून चालणाऱ्या वाहतुकीसाठी, आणि असा दिवा येथे लावला तर समोरच्याचे डोळे दिपतील.

भारत या १९५८ च्या करारात नाही. हेल्मेटवर नुसता वर्तुळातला 'ई' असेल तर आपल्या कायद्याला तो पुरत नाही. १ जून २०२१ पासून दुचाकीच्या हेल्मेटवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. त्याच्यासोबत आयएस ४१५१ हा मानक क्रमांक शोधावा.