व्हिनेगर, माडीचे

माडाच्या माडीतील अल्कोहोलचे ॲसिटिक आम्लात रूपांतर होऊन तयार होणारे आंबट द्रव. गोव्यात विंदालू आणि चोरीस यांत ते परंपरेने वापरतात. उसाचा रस किंवा केळी यांपासूनही व्हिनेगर करता येते. गोडी बदलते, पुढची क्रिया तीच.

क्रिया दोन टप्प्यांत होते. आधी यीस्ट माडीतील साखरेपासून अल्कोहोल बनवते. या टप्प्याला हवा लागत नाही. मग ॲसिटोबॅक्टर व त्याच्या जातभाई जंतूंची पाळी येते. अल्कोहोलमधून आधी ॲसिटाल्डिहाइड आणि त्यातून आम्ल बनवताना हे जंतू इलेक्ट्रॉन काढून घेतात व शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतात. त्यांची सगळी ऊर्जा या देवघेवीतून येते. यीस्टसारखा हवेविना भागवण्याचा मार्ग त्यांच्याकडे नाही.

C₂H₅OH + O₂ → CH₃COOH + H₂O

६ टक्के अल्कोहोलची एक लिटर माडी घेतली, तर तिच्यात सुमारे ४७ ग्रॅम अल्कोहोल असते. ते पूर्ण आंबायला सुमारे ३३ ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे १२० लिटरच्या आसपास हवेतला सगळा. ३० अंश सेल्सियसला लिटरभर पाण्यात मात्र जेमतेम साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. गरज त्याच्या चार हजार पटींहून अधिक, म्हणून पुरवठा सतत चालू राहावा लागतो. हिशोबाने ६१ ग्रॅम आम्ल मिळायला हवे. घरी कमी मिळते, कारण काही अल्कोहोल उडून जाते.

भांडे रुंद तोंडाचे घेऊन अर्धेच भरतात व वर कापड बांधतात. काही दिवसांत पृष्ठभागावर साय धरते. काही जाती ती सेल्युलोजची विणतात. जंतू तिथेच, हवेच्या कडेला राहतात. रोज ढवळून पाहण्याची हौस इथे महागात पडते, कारण साय बुडाली की नवी धरेपर्यंत काम रेंगाळते. हवा अपुरी पडली तर ॲसिटाल्डिहाइड साचून कच्च्या सफरचंदासारखा वास येतो.

कारखान्यात टाकीभर द्रवात हवेचे बारीक बुडबुडे सोडतात; साय लागत नाही, आठवड्यांचे काम एक-दोन दिवसांत होते. मात्र आम्ल दहा-बारा टक्क्यांवर असताना हवा मिनिटभर जरी तुटली तरी जंतू मोठ्या संख्येने मरतात: पेशीत शिरणारे आम्ल बाहेर फेकायला ऊर्जा उरत नाही.

अल्कोहोल पुरते संपू देणेही धोक्याचे. मग हेच जंतू आम्लावर उठतात, त्याचे कार्बन डायऑक्साइड व पाणी करतात आणि आंबटपणा उतरू लागतो. म्हणून थोडे अल्कोहोल शिल्लक असतानाच व्हिनेगर गाळून बाटल्या गळ्यापर्यंत भरतात आणि घट्ट बूच लावतात.