१७ जानेवारीचा पुरावा

समोर मुंबई विद्यापीठाशी संलग्न एका महाविद्यालयातला, २०२५ च्या पहिल्या सहामाहीतला एकत्रित हजेरीतक्ता आहे. कला शाखेच्या एका विद्यार्थ्यासमोर ७१.४२ टक्के आणि शेजारी ‘डिफॉल्टर’ असा शेरा. म्हणजे परीक्षेला बसायची परवानगी नाही. हा आकडा कसा तयार झाला, ते मूळ नोंदींवरून तपासायचे आहे.

आधी तक्त्यातलीच बेरीज करून पाहू. राज्यशास्त्राच्या ५० पैकी ३८, इतिहासाच्या ४८ पैकी ३४, अर्थशास्त्राच्या ५२ पैकी ४१ आणि भूगोलाच्या ४० पैकी २४ तासांना हा विद्यार्थी हजर आहे. एकूण तास १९०, हजेरी १३७. भागाकार ७२.११ टक्के येतो, ७१.४२ नाही. मग छापलेला आकडा कुठला? चार विषयांच्या टक्केवाऱ्या मिळवून चाराने भागल्या की तो तंतोतंत मिळतो. कमी तासांच्या भूगोलाला त्यामुळे अर्थशास्त्राइतकेच वजन मिळाले. विद्यापीठाचा अध्यादेश ६०८६ मात्र एकूण तासांवरची सरासरी ७५ टक्के मागतो, शिवाय प्रत्येक विषयात किमान ५० टक्के. दुसरी अट इथे पुरी होते, कारण भूगोलातही ६० टक्के हजेरी आहे. पहिली अट मात्र ७२.११ ने पुरी होत नाही. रीत चुकली हे निश्चित, पण तेवढ्याने निकाल बदलत नाही.

म्हणून भूगोलाचे मूळ मस्टर उघडले. त्यात १७ आणि १८ जानेवारी, ३१ जानेवारी आणि १४ फेब्रुवारी या चार तारखांखाली एकाही विद्यार्थ्याची हजेरी नाही. वेळापत्रकावरून तारखा आधीच लिहून ठेवल्या, की न झालेला तासही ‘झालेल्या’त मोजला जातो. पण रिकामा रकाना म्हणजे तास झालाच नाही, असे लगेच म्हणता येत नाही. अख्ख्या वर्गाने दांडी मारली, तरी रकाना असाच दिसतो. त्याचा उलगडा प्राध्यापकांच्या दैनंदिनीतून होतो. १७ आणि १८ जानेवारीला ते विभागाच्या अभ्यास सहलीबरोबर होते. ३१ जानेवारीला ‘परीक्षा पर्यवेक्षण’ अशी नोंद आहे. १४ फेब्रुवारीचे पान कोरे आहे. तीन तास झाले नाहीत हे सिद्ध होते. चौथ्याबद्दल फक्त तर्क करता येतो, म्हणून तो झाला असेच धरू. आता एकूण तास १८७.

सहलीच्या उल्लेखाने दुसरा धागा हाती येतो. अभ्यासक्रमात अपेक्षित असलेली आणि शिक्षकांच्या देखरेखीखाली झालेली सहल असेल, तर त्या दिवशी महाविद्यालयात जेवढे तास झाले तेवढ्यांची हजेरी सहलीला गेलेल्याला मिळते, हेही ६०८६ मध्येच आहे. त्या दोन दिवशी इतर विषयांचे चार तास झाले, रोज दोन. मस्टरमध्ये हा विद्यार्थी चारही तासांना गैरहजर आहे. तो खरोखर सहलीला गेला होता का?

निघण्याआधीच्या यादीत त्याचे नाव आहे. ती यादी जाण्याचा इरादा दाखवते, गेल्याचा पुरावा ठरत नाही. सहलीच्या अहवालाला जोडलेल्या हजेरीपत्रकात त्याची १८ तारखेची सही आहे. १७ तारखेचे पान अहवालात नाही. इथे जीव अडकतो, कारण फक्त १८ तारखेचे दोन तास दिले तर १८७ पैकी १३९ होतात, म्हणजे ७४.३३ टक्के. कोरे पान विद्यार्थ्याच्या बाजूने लावून १४ फेब्रुवारीचा तास वगळला, तरी १८६ पैकी १३९, म्हणजे ७४.७३. सगळे प्रकरण १७ तारखेवर येऊन थांबते.

त्या दिवशी वर्गात गैरहजर असणे दोन्ही शक्यतांशी जुळते. तो सहलीबरोबर असेल किंवा एक दिवस घरी राहून दुसऱ्या दिवशी जाऊन मिळाला असेल. उत्तर हिशेबाच्या फाईलमध्ये मिळाले. मुक्कामाच्या जागेच्या पावतीला १७ जानेवारीच्या रात्रीची खोलीवार यादी जोडलेली आहे. तिसऱ्या खोलीत त्याचे नाव आणि नावापुढे सही आहे. १८ तारखेच्या सहीशी ती जुळते. बस १७ च्या पहाटे महाविद्यालयातून निघाल्याची नोंदही त्याच फाईलमध्ये आहे. तो संध्याकाळी स्वतंत्रपणे पोचला असण्याची शक्यता उरते, पण परगावच्या प्रवासाचे त्याच्या नावावर वेगळे तिकीट किंवा परवानगीचे पत्र फाईलमध्ये नाही. दोन्ही दिवसांची हजेरी द्यावी, असे माझे मत झाले. खात्री पूर्ण नाही, पण पुराव्याचा कल स्पष्ट आहे.

आता हजेरी १४१, तास १८७ आणि टक्केवारी ७५.४०. हजेरी समितीकडे द्यायच्या टिपणात १८ तारखेचे दोन तास ‘सिद्ध’ आणि १७ तारखेचे दोन ‘खोली-यादीवरून’ असे वेगवेगळे लिहिले. दैनंदिनीच्या तीन पानांची आणि खोली-यादीची प्रत सोबत जोडली. १४ फेब्रुवारीचा तास झालेल्यांतच ठेवला आहे.