गॅसमुळे महागलेलं नाणं: 'डच रोग' या नावाची कुळकथा

जुलै १९५९ मध्ये नेदरलँड्सच्या उत्तरेला, ग्रोनिंगेन प्रांतातल्या स्लोख्तरेन गावाजवळ खोदलेल्या विहिरीला गॅस लागला. साठा किती मोठा आहे हे कळायला काही वर्षं गेली. तो सुमारे २,८०० अब्ज घनमीटर निघाला, युरोपातला सर्वांत मोठा. घराघरांत गॅसच्या शेगड्या आल्या, कोळशाच्या खाणी बंद होऊ लागल्या आणि उरलेला गॅस शेजारी देशांना विकला जाऊ लागला. १९७३ नंतर तेल भडकलं, त्यामागोमाग गॅसही महागला आणि सरकारी तिजोरी भरली.

तरीही १९७० ला १.१ टक्के असलेली बेकारी १९७७ पर्यंत ५.१ टक्क्यांवर गेली. कारखाने गुंतवणूक आवरत होते. त्या वर्षी २६ नोव्हेंबरच्या अंकात लंडनच्या 'द इकॉनॉमिस्ट' साप्ताहिकाने या विसंगतीला नाव दिलं: डच रोग. देश बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून अशक्त होतो, असं त्यांचं निदान होतं.

रोग भिनतो तो नाण्यातून. गॅस विकत घेणाऱ्याला तेव्हा शेवटी डच गिल्डर लागत, म्हणून गिल्डरची मागणी वाढली आणि तो महाग झाला. समजा, एका गिरणीचा कापडाचा तागा १०० गिल्डरला पडतो. डॉलरला ४ गिल्डर मिळत असताना परदेशी व्यापाऱ्याला तो २५ डॉलरला मिळतो. डॉलरला अडीचच गिल्डर मिळू लागले, की त्याच ताग्याला ४० डॉलर मोजावे लागतात. गिरणीत काहीच बिघडलेलं नाही, विणकर पूर्वीसारखाच कुशल आहे, पण गिऱ्हाईक दुसऱ्या देशात जातं.

दुसरी वाट खर्चाची आहे. गॅसचा पैसा सरकार देशातच खर्च करतं, तेव्हा गवंडी, न्हावी, हॉटेलवाला यांना काम वाढतं. त्यांची सेवा जहाजातून आयात करता येत नाही, म्हणून तिचे दर चढतात आणि मजुरीही चढते. कारखानदाराला तीच चढी मजुरी द्यावी लागते, पण त्याच्या मालाचा भाव जागतिक बाजार ठरवतो, तो वाढवून मिळत नाही. कॉर्डन आणि नीरी या अर्थशास्त्रज्ञांनी १९८२ साली हे दोन्ही परिणाम एकत्र मांडले. रोग ओळखायचा तो याच खुणेवरून: घरभाडी आणि मजुरी वर जात असताना खनिज सोडून बाकीची निर्यात खाली येते.

डच कापडगिरण्या बुडायला आशियातला स्वस्त मालही कारण होता. सगळा दोष गॅसच्या माथी मारणं मला पटत नाही. शिवाय तो देश सावरला, कारण शाळा, न्यायालयं, करवसुली हे सगळं गॅसच्या आधीपासून पक्कं होतं. खरी हानी झाली ती ज्यांच्याकडे हा पाया कच्चा होता त्यांची, आणि रोगाला त्यांचं नाव मिळालं नाही.

नायजेरिया घ्या. तिथे १९५६ साली ओलोइबिरीला तेल लागलं. तोवर देश कोको, पामतेल आणि शेंगदाणा विकून चालत होता. उत्तरेतल्या कानो शहरात निर्यातीसाठी शेंगदाण्याच्या पोत्यांचे मनोरेच्या मनोरे रचलेले असत. सत्तरच्या दशकात तेलाचा पैसा आला, नायराचा दर चढा राहिला, बाहेरचं धान्य स्वस्त झालं आणि शेतकऱ्याला निर्यात परवडेना. दुष्काळ आणि पिकावरची कीड-रोगराई यांनी भर घातली. काही वर्षांत ते मनोरे दिसेनासे झाले. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या सरकारला आता शेतकऱ्याच्या कराची गरज उरली नव्हती, आणि ज्याच्याकडून कर घ्यायचा नाही त्याला हिशेब देण्याचं बंधनही सैल पडलं. पुढे तेलाचे भाव कोसळले तेव्हा मागे परतायला ना पिकाची निर्यात शिल्लक होती, ना तिची बाजारपेठ. चलनाचा हा साधा आजार इथे राजकारणात शिरला, आणि 'रोग' हा शब्द तोकडा पडू लागला. १९९३ साली रिचर्ड ऑटी या भूगोलतज्ज्ञाने खनिजसंपन्न देशांवरच्या आपल्या पुस्तकात 'संसाधनांचा शाप' ही संज्ञा वापरली आणि ती रूढ झाली.

शाप म्हटलं की सुटका नाही असं वाटतं, म्हणून मला जुना 'रोग' अधिक बरा वाटतो. त्यावर औषध शोधता येतं. नॉर्वेने ते नाण्यावरच शोधलं. १९९० मध्ये कायद्याने निधी उभारला, १९९६ पासून तेलाचा पैसा त्यात जमा होऊ लागला, आणि तो पैसा देशात खेळवायचाच नाही असं ठरलं. निधी केवळ परदेशी शेअर, रोखे आणि मालमत्ता घेतो. त्यामुळे तेलाचे डॉलर बाहेरच राहतात, त्या सगळ्यांचे क्रोन करावे लागत नाहीत आणि क्रोनची मागणी तेवढी फुगत नाही. २००१ साली ठरलं की सरकारने निधीच्या अपेक्षित परताव्याएवढंच, म्हणजे निधीच्या सुमारे ४ टक्के, दरवर्षी सरासरीने अंदाजपत्रकात घ्यावं. २०१७ मध्ये ती मर्यादा ३ टक्क्यांवर आणली.