वर्षाच्या मध्येच फी वाढली तर पालकांनी काय विचारावे?

मसोलीतल्या एका पालकाने जूनमध्ये मुलाची वर्षाची २४,००० रुपये फी ठरवून भरायला सुरुवात केली, असे समजू. नोव्हेंबरमध्ये शाळेची चिठ्ठी येते: विकास शुल्क ३,०००, वार्षिक शुल्क २,००० आणि बसचे भाडे डिसेंबरपासून महिन्याला २०० रुपये जास्त. एप्रिलपर्यंतचे पाच महिने धरले तर एकूण ६,००० रुपयांचा बोजा, म्हणजे ठरलेल्या फीच्या पाव भाग.

अशा वेळी ‘फी जास्त आहे’ म्हणून भांडण्यापेक्षा ‘ही रक्कम कोणत्या बैठकीत मंजूर झाली?’ हा प्रश्न जास्त कामाचा. राज्यात खासगी शाळांसाठी २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे, आणि शाळा कोणत्या बोर्डाची यावर तो अवलंबून नाही. त्यानुसार व्यवस्थापनाने पुढच्या वर्षाचा फीचा प्रस्ताव वर्ष सुरू होण्याच्या सहा महिने आधी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. मंजूर फी दोन शैक्षणिक वर्षे लागू राहते आणि ती नोटीस बोर्डावर मराठीतही लावायची असते. म्हणून नोव्हेंबरमध्ये चालू वर्षासाठीच नवे शुल्क काढले, तर मंजुरी कधी घेतली हे शाळेला दाखवावे लागेल. नाव ‘विकास’ आहे की ‘वार्षिक’, याने फरक पडत नाही.

विकास शुल्काबाबत सुप्रीम कोर्टाने २००४ मध्ये दिल्लीच्या मॉडर्न स्कूल प्रकरणात ते ट्यूशन फीच्या १५ टक्क्यांपर्यंतच असावे, असे म्हटले होते. तो निकाल दिल्लीच्या शाळांचा; इथे तो आकडा पुढे करून उपयोग नाही, समितीची मंजुरीच बघावी.

बसचे जरा वेगळे. शाळेतल्या परिवहन समितीने भाडे आणि थांबे बघायचे असतात, आणि तिच्यात पालकांचा प्रतिनिधी असतो. बस न वापरणाऱ्या मुलाकडून मात्र बसचे पैसे मागितले तर लगेच हरकत घ्यावी.

मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी. त्यात समितीच्या सदस्यांची यादी, मंजुरीच्या बैठकीचे इतिवृत्त आणि मंजूर फीचा तक्ता मागावा. भरलेल्या पैशांची पावती प्रत्येक शुल्काची वेगळी नोंद असलेली घ्यावी. कधी कधी समितीच कागदावर असते. सदस्य असलेल्या पालकाला आपण सदस्य आहोत हेच माहीत नसते. त्यामुळे यादीतल्या पालकांना आधी फोन करून बघावा.

उत्तर आले नाही तर पालघर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांकडे तक्रार द्यावी. विभागीय शुल्क नियामक समितीकडे पालकांना जायचे तर किमान २५ टक्के पालकांनी एकत्र यावे लागते. चारशे पालकांच्या शाळेत शंभर सह्या. पाड्या-पाड्यांत विखुरलेल्या पालकांना त्या गोळा करणे सोपे नाही, म्हणून चिठ्ठी आल्या आठवड्यातच सुरुवात केलेली बरी. जादा फी घेतल्याचे सिद्ध झाले तर ती परत करावी लागते आणि शाळेला दंडही होतो.